दोन लाख कर्जात भरावेत की ठेवीत? करानंतरचा हिशेब

दोन लाखांच्या मुदत ठेवीवर वर्षाला १३,३२० रुपये व्याज मिळालं आणि त्यातले ८,६५३ रुपये करात गेले. हातात उरले ४,६६७. हेच दोन लाख ठेवीदाराने आपल्या गृहकर्जात भरले असते तर वर्षाला १७,४६२ रुपये व्याज वाचलं असतं आणि त्यावर एक रुपयाही कर लागला नसता.

हे आकडे काल्पनिक कर्जदाराचे आहेत, पण असा कर्जदार देवळाली प्रवऱ्यात शोधायला लांब जावं लागत नाही. राहुरी तालुक्यातलं हे गाव प्रवरेच्या कालव्यावरचं, उसाचं. शेजारीच राहुरी फॅक्टरी, पुढे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. अनेक घरांत वडिलांच्या नावावर ऊस असतो आणि मुलाचा किंवा सुनेचा शाळेतला, विद्यापीठातला नाहीतर बँकेतला पगार असतो. घर बांधायला काढलेलं कर्ज पगारातून फिटत असतं. अशा घरात वर्षाकाठी लाख-दोन लाख रुपये एकरकमी शिल्लक पडतात आणि तोच प्रश्न पुन्हा येतो: कर्जात भरू की एफडी करू? बहुतेक जण दोन दर शेजारी ठेवतात, कर्ज ८.४० आणि ठेव ६.५०, आणि म्हणतात की फरक दोन टक्क्यांचा तर आहे, पैसा हाताशी राहिलेला बरा. फरक दोन टक्क्यांचा नाही. तो किती आहे ते कोणत्या करप्रणालीत, कोणत्या टप्प्यात आपण बसतो यावर ठरतं, आणि गेल्या काही वर्षांत नेमकं तेच बदललं आहे.

आधी कर्ज नीट पाहू. शिल्लक मुद्दल २० लाख, व्याजदर ८.४० टक्के, मुदत अजून १५ वर्षं म्हणजे १८० हप्ते. हप्ता येतो १९,५७८ रुपये. कर्जखात्याचा उतारा काढला तर या महिन्याच्या ओळीत व्याज १४,००० आणि मुद्दल ५,५७८ दिसेल. ८.४० टक्क्यांचा बारावा भाग ०.७० टक्के, आणि २० लाखांचे ०.७० टक्के म्हणजे १४ हजार. बँक हे व्याज दर महिन्याला आकारते, म्हणून वर्षाचा खरा दर ८.४० नसतो. ०.७० टक्के बारा वेळा चक्रवाढीने लावला की ८.७३ टक्के होतात. मुदत ठेवीवर बँक व्याज तिमाहीने चढवते, म्हणून ६.५० टक्क्यांची ठेव वर्षाला ६.६६ टक्के देते. तुलना करायची ती या दोन वार्षिक आकड्यांची: ८.७३ आणि ६.६६.

आता दोन लाख कर्जात भरले. मुद्दल १८ लाखांवर आलं. हप्ता तोच ठेवला तर कर्ज १८० ऐवजी १४८ महिन्यांत फिटतं. ३२ हप्ते वाचले, म्हणजे सुमारे सव्वासहा लाख रुपये. त्यातले दोन लाख आपणच भरलेले होते, त्यामुळे व्याजाची बचत साधारण ४ लाख २८ हजारांची. बँकेतला माणूस हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारतो. हप्ता कमी केला तर तो १७,६२० होतो आणि एकूण व्याजबचत फक्त १ लाख ५२ हजारांची दिसते. हे दोन आकडे पाहून मुदत कमी करण्यात अडीच पटींहून जास्त फायदा आहे असं लोक समजतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे परतावा तोच, ८.४० टक्के. मुदत कमी केली की दरमहा मोकळे होणारे १,९५८ रुपयेही आपोआप कर्जातच जात राहतात. हप्ता कमी केला की ते घरखर्चात मिसळतात. बचत मोठी दिसते ती जास्त पैसे जास्त काळ कामाला लावल्यामुळे.

असाच एक समज कर्जाच्या शेवटच्या वर्षांविषयी आहे. ‘व्याज सगळं सुरुवातीलाच वसूल झालंय, आता तीन वर्षं राहिली, आता भरून काय उपयोग?’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकतो. आपल्या उदाहरणात तीन वर्षं उरताना मुद्दल ६ लाख २१ हजार असेल. त्यात दोन लाख भरले तर पुढच्या महिन्याचं व्याज १,४०० रुपयांनीच घटेल. पहिल्या वर्षी भरले असते तरीही १,४०० रुपयांनीच घटलं असतं. दोन लाखांचे ०.७० टक्के कधीही १,४०० च असतात. शेवटी एकूण बचत ४७ हजारांच्या आसपास दिसते, कारण पैसा तीनच वर्षं कामाला लागतो. दर बदललेला नसतो. म्हणून ‘एकूण किती व्याज वाचेल’ हा आकडा निर्णयासाठी निरुपयोगी आहे आणि ‘वर्षाला किती टक्के’ हाच उपयोगी.

तर कर्जात पैसे भरणं ही ८.७३ टक्क्यांची, करमुक्त आणि जोखीम नसलेली गुंतवणूक आहे. करमुक्त एवढ्यासाठी की न दिलेलं व्याज हे उत्पन्न नव्हे. ठेवीचं व्याज मात्र पूर्ण उत्पन्न आहे. बरोबरी साधायची तर ठेवीने करापूर्वी किती द्यायला हवं, याचं सूत्र एका ओळीचं आहे: कर्जाचा वार्षिक दर भागिले (१ वजा कराचा दर). नव्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट राहत्या घराला मिळत नाही, त्यामुळे वर ८.७३ तसाच राहतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे टप्पे आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून उत्तर असं येतं:

| उत्पन्नाचा टप्पा (नवी प्रणाली) | उपकरासह कर | बरोबरीसाठी लागणारं व्याज |
|---|---|---|
| १२ लाखांपर्यंत (रिबेटमुळे) | शून्य | ८.७३% |
| १२.७१ ते १६ लाख | १५.६% | १०.३४% |
| १६ ते २० लाख | २०.८% | ११.०२% |
| २० ते २४ लाख | २६% | ११.८०% |
| २४ लाखांवर | ३१.२% | १२.६९% |

अकरा टक्के व्याज देणारी सुरक्षित ठेव आज कुठेच नाही. टप्पा वरचा असेल तर प्रश्न तिथेच संपतो. तक्त्यात १२ लाख आणि १२.७१ लाखांच्या मध्ये जागा सुटली आहे ती चुकून नाही. लेखाच्या सुरुवातीचे ८,६५३ रुपये याच जागेत गेले, आणि आपल्याकडच्या नोकरदार घरांना सर्वांत जास्त इथेच सांभाळावं लागतं.

नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर रिबेटने माफ होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पावणेतेरा लाख पगार असला तरी कर शून्य. कोणाचं उत्पन्न १२ लाखांच्या एका रुपयानेही वर गेलं आणि त्याला एकदम साठ हजारांचा कर लागला तर तो अन्याय होईल, म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे: १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम, तेवढाच जास्तीत जास्त कर. ऐकायला ही सवलत उदार वाटते. तिचा अर्थ मात्र असा की १२ लाखांपासून साधारण १२ लाख ७० हजार ५९० पर्यंत प्रत्येक जादा रुपया अख्खा करात जातो. वर ४ टक्के उपकर.

आपला कर्जदार माध्यमिक शिक्षक आहे असं धरू. पगार १२ लाख ७० हजार, वजावटीनंतर ११ लाख ९५ हजार, कर शून्य. त्याने दोन लाखांची एफडी केली. १३,३२० रुपये व्याज उत्पन्नात मिळालं आणि करपात्र उत्पन्न झालं १२,०८,३२०. पहिले पाच हजार सीमेच्या आत बसले. उरलेले ८,३२० रुपये कर म्हणून आणि त्यावर ३३३ रुपये उपकर म्हणून गेले. दोन लाखांवर ४,६६७ रुपये, म्हणजे २.३३ टक्के. बचत खात्याला शोभेल असा परतावा.

महागाई भत्ता वाढून त्याचा पगार पुढच्या वर्षी तेरा लाख पाच हजार झाला, तर करपात्र उत्पन्न १२ लाख ३० हजार होईल. तो आता या पट्ट्याच्या मध्यभागी आहे. त्याच ठेवीचं १३,३२० रुपये व्याज मिळाल्यावर कर वाढेल १३,८५३ रुपयांनी. ठेव केल्याबद्दल खिशातून ५३३ रुपये गेले. बरोबरीसाठी किती टक्के व्याज हवं, या प्रश्नाला इथे उत्तरच नाही, कारण सूत्रातला भाजक शून्याच्याही खाली जातो. त्याने एफडी मोडून कर्जात भरावी, यावर मला जराही शंका नाही. फॉर्म १६ च्या शेवटच्या पानांत करपात्र उत्पन्नाची ओळ असते; ती ११ लाख ८० हजार ते १२ लाख ७० हजारांच्या मध्ये असेल तर नवी ठेव करण्याआधी मागच्या सगळ्या ठेवींचं आणि बचत खात्याचं व्याज त्यात मिळवून पाहावं. व्याज हातात आलेलं नसलं, ठेवीतच चढत असलं, तरी बँक ते दरवर्षी उत्पन्न म्हणून कळवते आणि ते आपल्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतं.

उसाच्या पैशाबद्दलही इथेच सांगतो, कारण गल्लत नेहमी होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. त्या पैशाची ठेव केल्यावर येणारं व्याज करमुक्त नाही. पैसा कुठून आला याच्याशी व्याजावरच्या कराचा संबंध नसतो. आणि जमीन पगारदाराच्याच नावावर असेल तर शेतीचं उत्पन्न करमुक्त राहूनही बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना धरलं जातं, तेव्हा वरचा हिशेब त्याला वेगळा मांडावा लागेल.

ज्यांनी जुनी करप्रणाली धरून ठेवली आहे त्यांचं उत्तर वेगळं येतं. १९६१ च्या कायद्यातल्या कलम २४ प्रमाणे राहत्या घराच्या कर्जाचं वर्षाला दोन लाखांपर्यंतचं व्याज त्यांना उत्पन्नातून वजा करता येतं. आपल्या २० लाखांच्या कर्जाचं वर्षाचं व्याज १ लाख ६५ हजारांच्या आसपास, म्हणजे पूर्ण वजा होणारं. असा माणूस कर्जात दोन लाख भरतो तेव्हा तो व्याज वाचवतो, पण त्यावरची वजावटही घालवतो. २०.८ टक्के करात त्याला कर्ज पडतं ८.७३ ऐवजी ६.९१ टक्क्यांना, आणि ३१.२ टक्के करात ६.०१ टक्क्यांना. ठेवीवरचा करही त्याच दराने, त्यामुळे दोन्ही बाजूंचा कर कटतो आणि बरोबरीचं व्याज पुन्हा ८.७३ च येतं. एफडी इथेही हरते. पीपीएफचं तसं नाही. तिचे ७.१ टक्के पूर्ण करमुक्त आहेत. ६.९१ आणि ६.०१ या दोन्हींपेक्षा ७.१ जास्त. म्हणून जुन्या प्रणालीत ‘कर्ज राहू दे, पीपीएफ भर’ हा सल्ला बरोबर होता आणि आजही त्या प्रणालीत तो बरोबर आहे. नव्या प्रणालीत तोच सल्ला ७.१ विरुद्ध ८.७३ असा चुकतो. कितीतरी जणांनी प्रणाली बदलली, सल्ला मात्र जुनाच धरला.

जुन्या प्रणालीतल्या माणसाने एक गोष्ट मात्र पाहावी. कर्ज ३५ लाखांचं असेल तर वर्षाचं व्याज २ लाख ९० हजारांच्या जवळ जातं आणि दोन लाखांच्या वरच्या व्याजाला वजावट नाही. अशा कर्जात भरलेले पहिले काही लाख रुपये वजावट न मिळणारं व्याजच कमी करतात, त्यामुळे तिथे बचत पुरी ८.७३ टक्क्यांची होते. हिशेब करायचा तो सरासरीचा नव्हे, आत्ता भरायच्या दोन लाखांचा.

आता आपल्या भागातला खास मोह. बँकेची ठेव साडेसहा टक्के देते, पतसंस्था त्याहून दोन-तीन टक्के जास्त देते. समजा, वर्षाला ९.५० टक्के. सोळा लाखांच्या वरच्या उत्पन्नात कर गेल्यावर त्याचे ७.५२ उरतात आणि कर्जापुढे ते कमीच पडतात. पण ज्याला कर नाही, त्याला ९.५० आणि ८.७३ मध्ये ०.७७ टक्क्यांचा फायदा दिसतो. दोन लाखांवर वर्षाला १,५४० रुपये.

हे १,५४० रुपये कशाचे आहेत ते पाहू. अशा ठेवीदारांपैकी वर्षाला सरासरी किती जणांचे पैसे पूर्ण बुडाले तर हा फायदा शून्य होईल? १.०८७३ भागिले १.०९५ केलं की उत्तर मिळतं: दरवर्षी १४२ पैकी एक. तुम्हाला माहीत असलेल्या १४२ पतसंस्थांपैकी वर्षाला एकीपेक्षा जास्त अडचणीत येऊन पैसे बुडवणार असेल, तर कर्जात भरलेलं बरं. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. विमा म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिलं आहे: रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदनगरच्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. बँक असल्यामुळे तिथल्या ठेवीदारांना पाच लाखांपर्यंत विम्याचा आधार होता. त्यावर ज्यांची रक्कम होती त्यांचं पुढचं सगळं अवसायनातल्या वसुलीवर अवलंबून राहिलं. चांगल्या चाललेल्या पतसंस्थांवर मी शंका घेत नाही. पण १,५४० रुपयांसाठी दोन लाखांचं मुद्दल विम्याशिवाय ठेवायचं का, हा प्रश्न आकड्यात मांडल्यावर माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे.

एक पर्याय मात्र बरोबरीच्या फार जवळ येतो. वडील साठीच्या पुढचे असतील आणि त्यांना करपात्र उत्पन्न नसेल, तर त्यांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर कर नाही आणि त्या पैशाचं व्याज मुलाच्या उत्पन्नात धरलं जात नाही. पत्नीला दिलेल्या पैशाचं व्याज मात्र पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं. हा फरक विसरू नये. योजनेचा दर ८.२० टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. ते पुन्हा तेवढ्याच दराने गुंतवता आलं तर वर्षाला ८.४६ टक्के. कर्जापेक्षा ०.२७ कमी, दोन लाखांवर साधारण साडेपाचशे रुपये. पण दर पाच वर्षांसाठी बांधलेला, सरकारी हमी, आणि थोडा दंड सोसून पैसा काढता येतो. साडेपाचशे रुपयांत ही मोकळीक मला महाग वाटत नाही. असं घर असेल तर मी कर्जात न भरता हे निवडेन.

शेअर बाजाराचा हिशेब वेगळा बसतो, कारण कर दरवर्षी नाही, विकताना लागतो. कर्जात भरलेले दोन लाख आणि त्यामुळे वाचलेले ३२ हप्ते ८.४० टक्क्यांनीच वाढत राहिले असं धरलं तर पंधरा वर्षांनी त्यांचे ७ लाख २ हजार होतात. इक्विटी म्युच्युअल फंडाने करानंतर एवढेच द्यायचे तर? वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या युनिटवर नफ्याचा कर १२.५ टक्के, उपकरासह १३. वर्षाला सव्वा लाखांपर्यंतचा नफा मोकळा. ही सव्वा लाखांची सूट याच व्यवहाराला पूर्ण मिळाली तर विकताना किंमत ७ लाख ५८ हजार हवी, म्हणजे वर्षाला ९.२९ टक्के वाढ. सूट दुसऱ्या नफ्यात संपली असेल तर ९.४७ टक्के. एफडीला अकरा टक्के लागत होते. फंडाला साडेनऊही पुरतात. करातला हा फरक खरा आहे आणि दीर्घ मुदतीत तो फंडाच्या बाजूने आहे.

अडचण दराची नाही, त्याच्या खात्रीची आहे. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये साडेआठ हजारांच्या खाली, आणि २०१३ संपतानाही २१ हजारांच्या आसपासच. जवळपास सहा वर्षं, आणि लाभांश सोडला तर वाढ शून्य. त्या सहा वर्षांत कर्जात भरलेले दोन लाख ८.४० टक्क्यांनी ३ लाख ३० हजार झाले असते. पुढच्या पंधरा वर्षांत बाजार साडेनऊ टक्क्यांपेक्षा जास्त देईल का? देईल असं मानायला जागा आहे, पण खात्रीच्या ८.७३ ची तुलना अपेक्षेच्या ९.४७ शी करताना मला मध्ये दोन-तीन टक्के अंतर हवं. बारा टक्के मिळण्याची आशा असेल आणि पैशाला दहा-पंधरा वर्षं हात लावायची गरज नसेल, तरच फंड. पाच वर्षांत मुलीचं कॉलेज येणार असेल तर नको.

व्याजदर बदलता असेल तर बरोबरीचा आकडाही बदलतो. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आणला आणि रेपोशी जोडलेली कर्जं स्वस्त झाली. कर्ज साडेसात टक्क्यांवर आलं तर वार्षिक दर ७.७६ आणि २०.८ टक्के करात बरोबरी ९.८० वर. पण त्याच काळात ठेवींचे दरही उतरतात, म्हणून उत्तर सहसा पालटत नाही. ते पालटतं कर्ज आपोआप स्वस्त होत नसेल तेव्हा. जुन्या पद्धतीचं कर्ज अजून साडेनऊवर चालू असेल तर दोन लाख भरण्याआधी दर बदलून घेण्याचा अर्ज द्यावा. वीस लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला वीस हजार, आणि त्यासाठी शिल्लक लागत नाही.

पीक कर्ज या सगळ्या हिशेबाच्या बाहेर ठेवायचं. सेवा सोसायटीमार्फत घेतलेलं तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. शून्य टक्क्याचं कर्ज आधी फेडून मिळणारा परतावाही शून्य. उसाचं बिल जमा झालं म्हणून ते चार महिने आधी फेडण्यात काही मिळत नाही. तेवढे दिवस तो पैसा बचत खात्यात पडला तरी काहीतरी देतो. मुदत चुकली मात्र सवलत जाते आणि व्याज सुरुवातीपासून लागतं. म्हणून पीक कर्जाची तारीख आली की तेवढी रक्कम आधी बाजूला, आणि गृहकर्जाचा विचार उरलेल्या पैशाचा.

कर्जात भरलेला पैसा परत मिळत नाही. हा दोष कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही, पण तो महागात पडतो. आज दोन लाख भरून वर्षाला साडेसतरा हजार वाचवले आणि सहा महिन्यांनी दवाखान्यासाठी चौदा टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावं लागलं, तर दोन लाखांवर वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त उलट तोटा. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी आणि हप्त्यांएवढी रक्कम साध्या ठेवीत असल्याशिवाय कर्जात जादा भरू नये. तेवढ्या ठेवीचा कमी परतावा हा विम्याचा हप्ता समजावा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला ओव्हरड्राफ्टची सोय असेल तर हा पेचच उरत नाही: पैसा खात्यात ठेवला की व्याज घटतं, आणि गरज पडली की काढता येतो. दर थोडा जास्त असतो, तेवढा फरक आधी पाहावा.

मग भरायचं ठरलं, तर कसं भरायचं? वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचं असेल तर बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. २०१२ पासूनचा नियम आहे. ठरलेल्या दराच्या कर्जाला आणि पतसंस्थेच्या कर्जाला करारात काय लिहिलं आहे ते पाहावं. दोन टक्के दंड म्हणजे चार हजार रुपये, पहिल्या वर्षीच्या बचतीचा जवळपास चौथा हिस्सा. काही ठिकाणी व्याज रोजच्या शिल्लक मुद्दलावर न काढता वर्षाच्या किंवा सहामाहीच्या आरंभीच्या मुद्दलावर काढतात. तिथे मध्येच भरलेल्या पैशाचा फायदा पुढच्या आकारणीच्या तारखेपासूनच सुरू होतो, म्हणून त्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी भरणं योग्य.

अर्जावर ‘मुद्दलात जमा करावी’ आणि ‘मुदत कमी करावी’ ही दोन्ही वाक्यं लिहून पोच घ्यावी. नुसतं कर्जखात्यात पैसे टाकले तर ते पुढच्या हप्त्यांचे आगाऊ म्हणून धरले जाण्याची चूक होते. खात्यात रक्कम दिसते, पण व्याज घटत नाही. हे ओळखायला वर्षभर थांबावं लागत नाही. हप्त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन लाख भरले असतील, तर पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात व्याजाचा आकडा आधीच्या महिन्यापेक्षा साधारण चौदाशे रुपयांनी खाली हवा. चौदा हजारांच्या जागी साडेबारा हजारांच्या आसपास व्याज आणि मुद्दलाच्या रकान्यात सात हजार दिसले, तर पैसे बरोबर जागी पोहोचले. व्याज तेरा हजार नऊशेच्या पुढेच असेल, तर त्याच दिवशी पोच घेऊन शाखेत जावं.